चिन्नोरचं नमुनापान

सकाळी ६. बालाघाटात दिवस चढला की वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून जड काम आधी. पोर्टफोलिओसाठी मी पहिल्यांदा एका काल्पनिक कॅफेची साइट केली होती. फोटो नेटवरचे, मजकूर भरताडाचा. नागपूरच्या एका ओळखीच्या डिझायनर ताईंना दाखवली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "यात तू काय ठरवलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॅफेच नव्हता, तर त्याची अडचण कुठून असणार? ती साइट मी काढून टाकली.

आता नमुना आहे चिन्नोर तांदळाचा. बालाघाटच्या या सुवासिक तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो विकणाऱ्या घराला फोनवर चटकन उघडणारं एक पान हवं, हे मी बाजारात डोळ्यांनी पाहते. ग्राहक अजून कुणी नाही, पण गरज खरी आहे.

७.३०. तांदळाचे फोटो माझेच, स्टीलच्या ताटात काढलेले, खिडकीच्या उजेडात. एकेक फोटो ४.८ एमबीचा. क्रोममध्ये नेट सेकंदाला १.६ मेगाबिटवर आणून बघितलं, तर वरचा एकच फोटो यायला सुमारे २४ सेकंद. रुंदी १२०० पिक्सेल केली, वेबपी स्वरूपात जतन केला, वजन १४० केबी झालं. आता एका सेकंदाच्या आत येतो. आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवले, कारण पोर्टफोलिओत हेच दाखवायचं आहे.

१०. मजकूर. मानांकनाचं चिन्ह लावायचा मोह झाला होता, पण ते वापरण्याचा हक्क नोंदणी झालेल्या वापरकर्त्यांचा. मी तांदूळ विकत नाही, म्हणून चिन्ह नाही. ग्राहकांचे अभिप्रायही नाहीत, कारण ग्राहकच नाहीत. खोटा अभिप्राय लिहिणारी बाई उद्या कुणाच्या दुकानाबद्दल खरं लिहील, यावर कोण विश्वास ठेवेल? पानाच्या अगदी वर लिहिलं: "हा नमुना प्रकल्प आहे. इथे विक्री होत नाही." शोधातून कुणी हे खरं दुकान समजून येऊ नये, म्हणून ही ओळही घातली:

```html
<meta name="robots" content="noindex">
```

ही फक्त नमुन्याच्या पानावर. माझ्या मुख्य पानावर ती चुकून गेली, तर मीच कुणाला सापडणार नाही.

पान हिंदीत आणि मराठीत आहे, आमच्या गावासारखं. मराठी भागाला `lang="mr"` दिलं. ज्या फाँटमध्ये सोय असते त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात.

दुपारी १. गिटहब पेजेसवर चढवलं. फुकट आहे आणि पत्ता लगेच मिळतो. माझ्या लॅपटॉपवर सगळं ठीक होतं, पण फोनवर फोटोच्या जागी रिकामा चौकोन. कन्सोलमध्ये `404`. अर्धा तास मी कोड वाचत बसले आणि दोष निघाला नावात. फाइल `Chinnor.webp`, कोडमध्ये `chinnor.webp`. विंडोज लहानमोठं अक्षर एकच मानतं, तिथला सर्व्हर मानत नाही. नुसतं नाव बदलून चालत नाही, गिटला तो बदल कळतच नाही बऱ्याचदा. असं सांगावं लागतं:

```
git mv Chinnor.webp chinnor.webp
```

यापुढे सगळी नावं लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता.

४.३०. शेजारच्या मावशींचं माहेर गोंदियाचं, त्या घरचा तांदूळ ओळखीत विकतात. फोन त्यांच्या हातात दिला आणि गप्प बसले. त्यांनी अंगठ्याने पान वर सरकवलं, परत खाली आणलं, पुन्हा वर नेलं.

"फोटो छान आहे गं. पण कसा किलो, ते कुठं लिहिलंस?"

भाव होता, पण तांदळाच्या गोष्टीच्या खाली, तिसऱ्या पडद्यावर. तांदूळ घेणारा माणूस आधी भाव, मग पाकीट किती किलोचं, मग फोन नंबर बघतो. मी त्याला आधी माझी आवडती वाक्यं वाचायला लावत होते.

६. भाव, वजन आणि संपर्काचं बटण फोटोच्या लगेच खाली आणलं. भावाशेजारी "नमुना" असं लिहिलं, आणि बटण दाबलं की हे नमुना पान असल्याचा खुलासा येतो. गोष्ट तळाला गेली.

रात्री ९. आता माझ्या साइटवर या कामाची माहिती लिहिते आहे. स्वतःला "अनुभवी" म्हटलेलं नाही. चारच परिच्छेद: कुणाची अडचण धरली, फोटोचं वजन किती होतं आणि किती केलं, मावशींनी काय विचारलं, त्यावर काय हलवलं. आधीच्या पानाचं चित्रही शेजारी ठेवलं आहे, भाव तळाशी असलेलं. हे पैसे घेऊन केलेलं काम नाही, हेही खाली स्पष्ट लिहिलं आहे.

ताईंना पत्ता पाठवला. पुढचा नमुना वारासिवनीच्या हातमागाच्या साडीचा. त्यासाठी आधी साडी घेणाऱ्या दोघींना विचारायचं आहे, फोनवर साडी बघताना त्या सगळ्यात आधी काय शोधतात.