17 महिने म्हणणारा ठेकेदार

सरकारी काम सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराला मिळते, असा आपला समज असतो आणि बहुतेक बांधकामांत तसेच घडते. पण काही निविदांमध्ये दराबरोबर गुणवत्तेलाही गुण असतात. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये काढलेल्या सूचनांनुसार, गुणवत्ताप्रधान ठरवलेल्या बांधकामांत गुणवत्तेला जास्तीत जास्त 30 टक्के वजन देता येते. अशा निविदेत दराचे पाकीट उघडण्याआधी ठेकेदाराला मूल्यमापन समितीसमोर बोलावून सादरीकरण करायला सांगता येते. हाताशी वीस-पंचवीस मिनिटे असतात, पुढे प्रश्न. तेवढ्या वेळात समितीला एकच गोष्ट ओळखायची असते : हा माणूस सांगतोय त्या तारखेला काम पुरे करील का?

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका नगरपरिषदेला 10 लाख लिटरची, 18 मीटर उंच खांबांवरची पाण्याची टाकी बांधायची आहे. मुदत 18 महिने, पावसाळा धरून. तांत्रिक मूल्यमापन 100 गुणांचे, त्यातले 20 सादरीकरणाचे. तांत्रिक बाजूला 30 टक्के वजन, दराला 70 टक्के. दोन ठेकेदार उरले आहेत.

पहिला म्हणतो, ‘साहेब, 10 महिन्यांत टाकी उभी करून देतो.’ पडद्यावर त्याने बांधलेल्या टाक्यांचे फोटो येतात, यंत्रसामग्रीची यादी येते. सगळे खरेच असते. मग कार्यकारी अभियंता विचारतात, ‘टाकीच्या तळाच्या स्लॅबखालचे टेकू कितव्या दिवशी काढणार?’ ठेकेदार मागे बसलेल्या माणसाकडे बघतो. ज्या साइट इंजिनिअरचे नाव निविदेत लिहिले आहे, तो आलेलाच नसतो.

प्रश्न साधा आहे, पण सगळे वेळापत्रक त्यावर उभे असते. काँक्रीटला ताकद यायला दिवस लागतात आणि ते माणसे वाढवून कमी होत नाहीत. आयएस 456 या भारतीय मानकानुसार साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू साधारणपणे 14 दिवस हलवायचे नसतात, सहा मीटरपेक्षा लांब तुळयांचे 21 दिवस. आज सर्रास वापरात असलेल्या मिश्र सिमेंटच्या काँक्रीटवर किमान 10 दिवस पाणी मारावे लागते. 10 महिन्यांच्या तक्त्यात हे दिवस बसवायला गेले की तक्ता फाटतो.

दुसऱ्या ठेकेदाराच्या बाजूने साइट इंजिनिअरच उठून बोलतो. तो 17 महिने सांगतो आणि लगेच हिशेब मांडतो. कार्यारंभ आदेश नोव्हेंबरच्या सुरुवातीला मिळाला, तर माती परीक्षण आणि संकल्पचित्रांची मंजुरी यांत डिसेंबर संपतो. जानेवारी-फेब्रुवारीत पाया. मार्चपासून खांब, चार टप्प्यांत. प्रत्येक टप्प्यात सळई बांधणे, शटरिंग, काँक्रीट भरणे आणि आडव्या तुळया, मिळून तीन आठवडे. म्हणजे पावसाआधी खांब पूर्ण उंचीला पोचतात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत टाकीचा तळ तेवढा धरला आहे, कारण 18 मीटर उंचीवर वाऱ्यापावसात सेंटरिंग बांधताना कामाचे दिवस निम्मेच मिळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भिंती, डिसेंबरमध्ये वरचा घुमट, जानेवारी-फेब्रुवारीत पाइप आणि आतले काम. मार्चमध्ये गळतीची चाचणी आणि रंग.

एक सदस्य अडवतात, ‘चाचणीला इतका वेळ कशाला? पाणी भरायचं, बघायचं.’

‘सर, भरल्यावर सात दिवस काँक्रीटला पाणी प्यायला द्यायचे आणि पुढचे सात दिवस बाहेरची बाजू कोरडी राहते का ते पाहायचे. आयएस 3370 मध्ये तसं आहे. ओल दिसली तर टाकी रिकामी करून दुरुस्ती, पुन्हा भरणे, पुन्हा 14 दिवस. मुदतीतला शेवटचा एक महिना आम्ही त्यासाठी मोकळा ठेवलाय.’

पहिल्या ठेकेदाराच्या तक्त्यात घुमटानंतर लगेच रंगकाम होते. चाचणीची रेघच नव्हती. माझ्या मते सादरीकरणात विश्वासार्हता ओळखण्याची हीच सर्वांत पक्की खूण आहे : ज्या दिवसांत साइटवर काहीच हलताना दिसत नाही, ते दिवस तक्त्यात आहेत का?

दुसऱ्याने आणखी एक पान दाखवले आणि ते मला सगळ्यात मोलाचे वाटते. आदेश नोव्हेंबरऐवजी मार्चमध्ये मिळाला तर काय, याचा वेगळा तक्ता. मग पायाचे खोदकाम ऐन पावसात येते. काळ्या मातीत खड्ड्याच्या कडा ढासळतात, पंप लावून पाणी उपसावे लागते, पाया दीड महिना लांबतो. हाताशी एकच महिना मोकळा असल्याने उरलेले पंधरा दिवस भिंतींसाठी शटरिंगचा दुसरा संच आणून भरून काढावे लागतील, हेही त्याने सांगितले. आदेशाची तारीख ठेकेदाराच्या हातात नसते. ती बदलली तर काय बदलते, हे त्याला आधी ठाऊक असावे लागते.

जुन्या कामांवरही प्रश्न येतातच. पूर्णत्वाच्या दाखल्यावर ठरलेली आणि प्रत्यक्ष तारीख दोन्ही असल्या, तर उशीर लपत नाही. तेव्हा किती मुदतवाढ मिळाली, त्यातली जागेचा ताबा उशिरा मिळाल्यामुळे किती आणि आपल्या मजुरांच्या तुटवड्यामुळे किती, हे स्वतःहून सांगणारा समितीला जास्त पटतो. हातात आज किती कामे आहेत आणि सेंटरिंगचा संच कोणत्या कामावरून कधी सुटणार, हेही तसेच.

या सादरीकरणाला मर्यादा आहेत. दराचा उल्लेख इथे करायचा नसतो, कारण दराचे पाकीट अजून बंद असते. निविदेच्या अटीही इथे बदलत नाहीत. 18 महिनेच अपुरे वाटत असतील, तर ते निविदापूर्व बैठकीत मांडून शुद्धिपत्रक काढून घ्यायचे. सादरीकरणात ‘आम्हाला 22 महिने लागतील’ म्हणणाऱ्याची निविदा सशर्त ठरून बाद होऊ शकते. म्हणून प्रामाणिक ठेकेदाराचे खरे काम त्या बैठकीपासूनच सुरू होते.

आता गुण पाहा. पहिल्याला सादरीकरणाचे 8 धरून तांत्रिक 72 मिळाले, दुसऱ्याला 16 धरून 88. दर उघडले : पहिल्याचा 4 कोटी, दुसऱ्याचा 4 कोटी 20 लाख. पहिल्याचे एकूण 21.6 अधिक 70, म्हणजे 91.6. दुसऱ्याचे 26.4 अधिक 66.7, म्हणजे 93.1. काम दुसऱ्याला. सादरीकरणात त्यालाही 8च मिळाले असते, तर एकूण 90.7 होऊन 20 लाखांच्या फरकाने काम पहिल्याकडे गेले असते.

इतके वजन ज्या वीस मिनिटांना आहे, त्यांची लेखी नोंद हवी. प्रत्येक सदस्याने स्वतंत्र गुण द्यावेत आणि कारण लिहावे. नाहीतर गोड बोलणाऱ्याला किंवा ओळखीच्याला गुण गेले, हा आरोप खोडता येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पडद्यावर दाखवलेला महिनावार कार्यक्रम करारनाम्याला जोडला गेला पाहिजे. उशिराचा दंड बऱ्याच करारांत 10 टक्क्यांवर थांबतो आणि तोही मुदत उलटल्यावर लागतो. कार्यक्रम करारात असेल, तर पाचव्या महिन्यातच पाया मागे पडल्याचे दाखवून ठेकेदाराला लेखी विचारता येते. तुमच्या गावात टाकी किंवा पूल मंजूर झाला असेल, तर माहिती अधिकाराखाली अर्ज करून तो कार्यक्रम मागा आणि कामाच्या फलकावरच्या तारखेशी ताडून पाहा.