३ फेब्रुवारीची तक्रार, १४ फेब्रुवारीचं वॉर्निंग लेटर

पुण्याजवळच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत तीन कागद होते. पहिला त्यांनीच ३ फेब्रुवारीला एचआरकडे दिलेला अर्ज. डिसेंबरमध्ये २२ तास ओव्हरटाइम झाला, पगारात तो साध्या दराने धरला आहे, कायद्याप्रमाणे दुप्पट दराने फरक मिळावा, एवढंच त्यात होतं. दुसरा कागद कंपनीचा, १४ फेब्रुवारीचा. ५, ९ आणि १२ फेब्रुवारीला उशिरा आलात, शिवाय सहकाऱ्यांना भडकवून वातावरण बिघडवता, म्हणून ही लेखी ताकीद. साडेतीन वर्षांच्या नोकरीतलं हे त्यांचं पहिलंच वॉर्निंग लेटर. तिसरा कागद म्हणजे रात्री जागून लिहिलेलं चार पानी उत्तर. त्यात ‘सूडबुद्धी’ हा शब्द सात वेळा आला होता आणि तारीख एकही नव्हती.

त्यांचा संताप खरा होता आणि माझ्या मते तो रास्तही होता. पण हे पत्र सर्वांत आधी ज्याच्यासमोर जायचं, तो माणूस तिथे हजर नसतो. तक्रार निवारण समितीचे सदस्य असोत, मुख्य कार्यालयातला अधिकारी असो की पुढे कधी कामगार आयुक्तांच्या कार्यालयातला समेट अधिकारी असो, त्यांना सुपरवायझरचा स्वभाव माहीत नसतो. त्यांच्यापुढे फक्त कागद असतो. म्हणून ‘माझ्यावर सूड उगवला’ हे म्हणायचं नाही, तर वाचणाऱ्याच्या मनात ते आपोआप यावं अशा रीतीने घटना मांडायच्या.

त्या बाईंनी एक गोष्ट मात्र चांगली केली होती. वॉर्निंग लेटर हातात देताना ‘सही करा’ म्हटलं, तेव्हा त्यांनी सहीच्या वर लिहिलं, ‘पत्र मिळाले, मजकूर मान्य नाही, १४ फेब्रुवारी, दुपारी २.४०’. पुष्कळ जण सही करायला नकार देतात. त्याने काही साधत नाही. ‘पत्र घेण्यास नकार दिला’ असं दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी फाइलला लागतं आणि तीच एक जादा तक्रार होऊन बसते. पत्र घ्यावं, ते मान्य नसल्याचं तिथेच लिहावं आणि एक प्रत मागून घ्यावी.

मग आम्ही तारखा तपासायला बसलो. त्यांची पहिली पाळी सकाळी ७ ला सुरू होते. ५ फेब्रुवारीला त्यांचं पंचिंग ७.१७ चं होतं. हा उशीर खरा होता, मुलाला ताप होता. ९ तारखेला पंचिंग ७.१२ चं, पण त्या दिवशी कंपनीचीच बस वाटेत अडकली होती. त्याच बसमध्ये आणखी १८ जण होते, सगळ्यांचं पंचिंग तेव्हाचंच, आणि पत्र मात्र एकालाही मिळालेलं नव्हतं. १२ तारखेला त्या ६.५४ ला आत आल्या होत्या. म्हणजे तीन तारखांपैकी एक खरी, एक सगळ्यांना सारखी लागू आणि एक सरळ चुकीची.

खरी असलेली तारीख पत्रात कबूल करायची की नाही, यावर आमचा बराच वेळ गेला. ‘मीच कशाला कबूल करू?’ असं त्या म्हणाल्या. पण हजेरीचा रेकॉर्ड कंपनीच्या हातात आहे. पत्रात तिन्ही तारखा नाकारल्या असत्या, तर ५ तारखेचा एक कागद काढून कंपनीने उरलेलं सगळं खोटं ठरवलं असतं. उलट एक उशीर स्वतःहून मान्य केला, की उरलेल्या दोन तारखांबद्दलचं म्हणणं वाचणारा गंभीरपणे घेतो. साडेतीन वर्षांत एकदा १७ मिनिटं उशीर झाला म्हणून थेट लेखी ताकीद दिली जाते का, हा प्रश्नही मग आपोआप उभा राहतो.

तक्रारीनंतर लगेच ताकीद आली, एवढ्याने काही सिद्ध होत नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. जानेवारीतच त्यांना उशिराबद्दल ईमेल गेला असता, तर फेब्रुवारीतलं पत्र हे त्या जुन्या प्रकरणाचाच पुढचा टप्पा ठरलं असतं. म्हणून तारखांच्या जोडीला आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. ताकीद देणाऱ्याला तक्रारीची माहिती होती का? तीच चूक करणाऱ्या इतरांना काय झालं? आणि कंपनीची नेहमीची पद्धत या वेळी मोडली का? या बाईंच्या बाबतीत तिन्ही उत्तरं कागदावर मिळत होती. ताकीद-पत्रावर ज्या व्यवस्थापकाची सही होती, त्यालाच ओव्हरटाइमच्या अर्जाची प्रत गेली होती. बसमधल्या १८ जणांना काहीच झालं नव्हतं. आणि त्या विभागात उशिरासाठी आधी तोंडी समज, मग खुलासा आणि त्यानंतर मेमो अशी पद्धत होती. इथे खुलासा न मागवताच थेट ताकीद आली होती.

सहकाऱ्यांना भडकवल्याच्या आरोपात ना दिवस होता, ना जागा, ना कोणाचं नाव. अशा आरोपाला ‘मी असं केलं नाही’ एवढं उत्तर देऊन थांबू नये. कधी, कुठे, कोणाशी बोलताना, याचा तपशील लेखी मागावा. बहुतेक वेळा तो मिळत नाही आणि न मिळणं हीच पुढे तुमची बाजू होते. ५ तारखेनंतर विभागातल्या आणखी दोघांनी आपल्या ओव्हरटाइमचा हिशेब मागितला होता. ‘भडकवणं’ म्हणजे कदाचित हेच असावं, पण पत्रात आम्ही तसं लिहिलं नाही. त्या दोघांनी हिशेब मागितल्याची तारीख तेवढी लिहिली.

१० फेब्रुवारीला सुपरवायझर लाइनवर म्हणाले होते, ‘अर्ज करायला वेळ आहे, कामाला नाही.’ त्यांच्या पहिल्या मसुद्यात याचं रूपांतर ‘सुपरवायझर नेहमी धमक्या देतात’ असं झालं होतं. धमकी आणि टोमणा यांत फरक आहे, आणि ‘नेहमी’ सिद्ध करता येत नाही. म्हणून ते वाक्य जसंच्या तसं, वेळ आणि शेजारी उभ्या असलेल्या दोन कामगारांच्या उल्लेखासह घेतलं. त्या दोघांना आधी विचारलं. एकाने नाव द्यायला होकार दिला, दुसऱ्याने नाही. दुसऱ्याचं नाव वगळलं.

शेवटी पत्र सव्वा पानाचं झालं. त्याचा मधला भाग असा होता:

‘दि. ३ फेब्रुवारी रोजी मी ओव्हरटाइमच्या दराबाबत अर्ज दिला (पोहोच सोबत जोडली आहे). दि. १४ फेब्रुवारी रोजी, म्हणजे ११ दिवसांनी, मला लेखी ताकीद देण्यात आली. त्यापूर्वी माझ्याकडून खुलासा मागवण्यात आला नाही. ५ तारखेचा १७ मिनिटांचा उशीर मला मान्य आहे. ९ तारखेचा उशीर कंपनीच्या बसमुळे झाला. त्या बसमधील इतर कोणासही पत्र देण्यात आलेले नाही. १२ तारखेला मी ६.५४ वाजता हजर होते. ही ताकीद माझ्या अर्जामुळे देण्यात आली, असे मला वाटण्याची कारणे वरीलप्रमाणे आहेत.’

त्याखाली मागण्या होत्या आणि त्याही मोजक्या. ताकीद मागे घेऊन तसं लेखी कळवावं आणि ती सेवा-फाइलमधून काढावी. तसं करायचं नसेल तर तिन्ही दिवसांची हजेरी, बसची नोंद आणि भडकवल्याच्या आरोपाचा तपशील द्यावा. या पत्राचा निर्णय ताकीद-पत्रावर सही करणाऱ्याने देऊ नये. आणि ओव्हरटाइमच्या अर्जावर वेगळा निर्णय द्यावा. ही शेवटची मागणी लोक विसरतात. ताकीदीच्या वादात मूळ तक्रार हरवते, आणि ती हरवली की ताकीद देण्यामागचा हेतू आपोआप साध्य होतो.

पत्र कुठे द्यायचं, याचं उत्तर आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असायला हवी. त्यात मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारखे, एकूण जास्तीत जास्त १०. घटनेपासून एका वर्षात अर्ज करता येतो, समितीने ३० दिवसांत काम पुरं करायचं असतं, आणि निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाता येतं. मात्र ही वाट ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी आहे. व्यवस्थापक आणि महिना १८ हजारांहून जास्त पगार घेणारे पर्यवेक्षक त्यात येत नाहीत. त्यांना कंपनीचंच तक्रार धोरण किंवा नेमणूकपत्रातल्या अटी पाहाव्या लागतात.

लैंगिक छळाच्या तक्रारीनंतर ताकीद आली असेल, तर रस्ता निराळा. २०१३ च्या कायद्याखालच्या नियमांत अंतर्गत समितीला अशी शिफारस करता येते, की ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने तक्रारदार बाईच्या कामाचा अहवाल लिहू नये. ही मागणी लेखी करावी लागते, आणि ताकीद येण्याची वाट न पाहता तक्रारीसोबतच करावी.

साध्या ताकीदीने पगार कापला जात नाही, मग एवढा खटाटोप कशाला, असं त्या बाईंचे यजमान विचारत होते. ताकीद फाइलमध्ये पडून राहते, हे त्याचं उत्तर. पुढे मोठी कारवाई झाली, की ‘पूर्वीचे वर्तन’ म्हणून ती बाहेर निघते. शिक्षा ठरवताना मागचा रेकॉर्ड धरायचा असेल तर तो कर्मचाऱ्याला आधी कळवून उत्तराची संधी दिली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६०च्या दशकातच म्हैसूर राज्याच्या एका सरकारी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सांगितलं. पण पाच वर्षांनी ती संधी मिळाली, तरी बस कोणत्या दिवशी अडकली हे तेव्हा कोण सांगणार? उत्तर लगेच दिलं असेल, तर ते ताकीदीला जोडूनच फाइलमध्ये राहतं.

त्या बाईंनी पत्र २० फेब्रुवारीला एचआरला दिलं. एचआरच्या क्लार्कने ‘साहेबांना विचारतो’ म्हणून पोहोच द्यायला टाळाटाळ केली, तेव्हा त्यांनी तेच पत्र त्याच संध्याकाळी स्पीड पोस्टने, पोचपावती मागवून पाठवलं आणि ईमेलही केला. समितीने २६ व्या दिवशी निर्णय दिला. ९ आणि १२ तारखेचे आरोप आणि भडकवल्याचा आरोप काढून टाकले, लेखी ताकीद मागे घेतली, ५ तारखेबद्दल तोंडी समज कायम ठेवली. ताकीद सूडाने दिली होती, असं समितीने कुठेही म्हटलं नाही. अशा निर्णयांत ते सहसा म्हटलं जात नाही, आणि तेवढ्यासाठी वाद वाढवू नये असा माझा सल्ला असतो.

ओव्हरटाइमचा फरक अजून मिळालेला नाही. त्यासाठी त्यांनी दुसरा अर्ज दिला आहे. तुम्हीही तक्रार द्याल तेव्हा तिची पोहोच त्याच दिवशी घ्या आणि कारखान्याच्या लॉकरमध्ये न ठेवता घरी ठेवा. वॉर्निंग लेटर आलं तर ११ दिवस मोजायला तीच लागेल.