आजीची रंगीत डबी खरंच शंभर वर्षांची आहे का?

कोकणातल्या आपल्या अनेक घरांत एखादी नक्षीची डबी असते. कुणाकडे सावंतवाडीची लाखकामाची, कुणाकडे काश्मीरची कागदाच्या लगद्याची म्हणजे पेपरमाशीची. त्यात सुरमेदाणी, जुनी पत्रं, नाही तर मरहूम दादीच्या बांगड्या. "ही सव्वाशे वर्षांची आहे" हे वाक्य डबीबरोबरच वारशात येतं. वाटणीची वेळ आली किंवा आखातातला मुलगा डबी सोबत न्यायची म्हणाला, की मगच खरा प्रश्न उभा राहतो. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे डबीचं वय हा केवळ कौतुकाचा विषय राहत नाही.

आपल्या जिल्ह्यातली अडचण वेगळीच आहे. सावंतवाडीचे चितारी गंजिफा, त्यांच्या पेट्या, पाट, खेळणी रंगवत आले. गंजिफा हा मुघलांबरोबर हिंदुस्थानात रुजलेला खेळ. त्याचा मुघली संच 96 पानांचा, तर इथे जास्त रंगवला गेलेला दशावतारी संच 120 पानांचा. विसाव्या शतकात ही कला जवळजवळ संपत आली होती. 1970 च्या दशकात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात काम पुन्हा सुरू केलं. तेव्हापासून जुन्याच नमुन्यांच्या पेट्या नव्याने तयार होत आहेत. म्हणून नुसती नक्षी बघून वय सांगणारा माणूस इथे हमखास फसतो. नक्षी जुनी असू शकते आणि पेटी 1980 ची.

मग बघायचं काय? आमच्या मते सुरुवात नक्षीपासून नाही, टवका उडालेल्या जागेपासून करावी. कोपरा, झाकणाची कड, तळ. तिथे भिंग धरलं की थर एकाखाली एक दिसतात. सगळ्यात खाली लाकूड किंवा लगदा, त्यावर चिंचोक्याच्या खळीत किंवा सरसात कालवलेला पांढरा लेप, मग जमिनीचा सपाट रंग, त्यावर आकृती, शेवटी बारीक रेघा, आणि सगळ्यावर लाखेचा किंवा व्हार्निशचा पारदर्शक थर. हाताने रंगवलेल्या कामात रेघ सुरुवातीला जाड आणि शेवटी निमुळती होते, दोन सारखी फुलं नीट पाहिली तर सारखी नसतात. छापील कागद चिकटवून वर व्हार्निश मारलेलं असेल तर भिंगाखाली रंगाचे बारीक ठिपके दिसतात. पण हाताचं काम म्हणजे जुनं काम नव्हे, हे विसरू नये.

पेपरमाशीच्या डबीत कधी कधी आत वर्तमानपत्राचा तुकडा दिसतो. त्यावर तारीख सापडली तर डबी त्या तारखेच्या आधीची असूच शकत नाही. नंतरची मात्र कितीही असू शकते, कारण रद्दी वर्षानुवर्षं पडून राहते.

आता तडे. बारीक तड्यांचं जाळं दिसलं की गिऱ्हाईक विरघळतं. तडा का जातो हे कळलं तर फसणं कमी होतं. पावसाळ्यात लाकूड ओल शोषून फुगतं, मे महिन्यात आकसतं. वरचा लेप मात्र कडक असतो, तो लाकडाबरोबर हलत नाही, म्हणून फाटतो. त्यामुळे लाकडी पेटीवरचे खरे तडे बहुतेक लाकडाच्या रेषेच्या दिशेने धावतात आणि लेपापर्यंत खोल जातात. लगद्याला अशी रेषा नसते, म्हणून पेपरमाशीवर तडे वेडेवाकडे, आणि जिथे हात लागतो किंवा डबी आपटते अशा कडेला जास्त. तडे पाडणारं रसायन लावून केलेलं जाळं झाकणावर, बाजूंना, तळाला सगळीकडे एकाच मापाचं असतं, आणि बहुधा वरच्या थरापुरतंच. त्यात मळही सगळीकडे सारखाच भरलेला दिसतो. खरा मळ खाचेत, बिजागरीजवळ साठतो. जिथे बोटं घासतात तिथे तो टिकत नाही.

सगळ्यात कामाची खूण म्हणजे तडा आणि रंगाची रेघ एकमेकांना कशा भेटतात. तड्याने रेघ तोडली असेल तर रेघ आधीची. रंग तड्याच्या आत उतरला असेल तर तो नंतर चढवलेला, म्हणजे तेवढा भाग पुन्हा रंगवलेला. तरीही तड्यांवरून वर्षं मोजता येत नाहीत. किनाऱ्यालगतच्या दमट घरात चुलीजवळच्या फळीवर ठेवलेली पेटी थोड्याच वर्षांत तडकते, तर कपड्यात गुंडाळून लोखंडी ट्रंकेत ठेवलेली पन्नास वर्षं जवळपास तशीच राहते.

पिवळेपणाचं तर आणखी गमतीचं आहे. तेल आणि राळेचं व्हार्निश वर्षानुवर्षं पिवळं पडत जातं, निळा रंग हिरवट वाटू लागतो, पांढरा सायीसारखा. पण लाख मुळातच मधाच्या रंगाची असते. लाखेची पेटी पहिल्या दिवसापासून पिवळसर दिसू शकते, त्यामुळे सावंतवाडीच्या कामात नुसत्या पिवळेपणाला आम्ही फार किंमत देत नाही. रंग मिसळलेलं व्हार्निश मारून जुनेपणा आणला असेल तर ते कोपऱ्यांत साचून गडद होतं आणि ताज्या टवक्यांच्या आतही शिरलेलं दिसतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, सरकत्या झाकणाची गंजिफाची लाकडी पेटी आहे आणि घरचे म्हणतात पणजोबांची. झाकण खाचेत ढिलं झालंय आणि त्याच्या कडेला बिनरंगाची पट्टी उघडी पडली आहे. म्हणजे रंगवल्यानंतर फळी आकसली. ही चांगली खूण, पण ओलं लाकूड वापरलं असेल तर हे दोन-तीन वर्षांतही होतं. तडे लाकडाच्या रेषेने गेलेत, रेघा तुटल्यात. इथपर्यंत पणजोबांच्या बाजूने. आता अंधार करून नोटा तपासायच्या अतिनील टॉर्चचा प्रकाश टाकू. वरचा थर नारिंगी चमकला, म्हणजे लाख असण्याची शक्यता मोठी. व्हार्निश उडालेल्या जागी मूर्तीच्या दागिन्यांतला पांढरा ठिपका पाहिला. तो पिवळट-हिरवा चमकला असता तर जस्ताचा पांढरा म्हटलं असतं, जो एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे. पण तो काळा-जांभळा पडला, म्हणजे टायटॅनियमचा पांढरा असण्याचा संशय. तो रंग बाजारात आला 1920 च्या आसपास. आता एकच प्रश्न उरतो: हा ठिपका मूळचा की नंतर डागडुजीत दिलेला? भिंगाखाली तडा ठिपक्याला चिरून जातो, रंग तड्यात उतरलेला नाही, आणि पेटीवरचे सगळे पांढरे ठिपके तसेच. तर ठिपके मूळचे, आणि संशय खरा ठरला तर पेटी 1920 च्या आधीची नाही. बहुधा राजवाड्यात काम पुन्हा सुरू झाल्यानंतरची असावी. खात्री प्रयोगशाळेतच होते, कारण टॉर्चखाली दुसरे काही पांढरे रंगही काळे दिसतात.

हे सगळं बघण्याआधी एक काम अजिबात करू नये, ते म्हणजे पुसणं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सॅनिटायझर लावलेला रुमाल फिरवला तरी वरचा थर निघतो आणि त्याबरोबर पुरावाही. पावसात लाखेवर आलेला पांढुरका धुरकटपणा दिसला तरी घासू नका, कोरड्या खोलीत ठेवा. नव्याने पॉलिश करून देतो म्हणणाऱ्यालाही थांबवा. त्याचा चकचकीत थर जुन्या तड्यांत जाऊन बसतो आणि मग जाणकारालाही काही सांगता येत नाही.

डबी परदेशी न्यायचीच असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र प्रवासाआधी घ्यावं लागतं. अर्जासोबत फोटो द्यावे लागतात. त्यात टवके उडालेल्या कोपऱ्यांचा आणि तळाचाही फोटो जरूर काढा.