डक्टला पत्रा किती लागतो?

मंगल कार्यालयाच्या जेवणघरात पंगती बसल्या की वाफ, फोडणीचा वास आणि माणसांची गर्दी यांनी हवा जड होते. ती बाहेर ओढायला छताखालून जी चौकोनी पत्र्याची नळी जाते, तिला सगळे डक्टच म्हणतात. तिचं काम बहुधा चौरस मीटरच्या दराने दिलं जातं. नळी आत पोकळ आणि दर मात्र क्षेत्रफळाचा, त्यामुळे बिल हातात आल्यावर मालकाला पहिला प्रश्न पडतो की हे चौरस मीटर आले कुठून.

नकाशावर ‘६०० × ६००’ असं लिहिलेलं असतं. ही नळीच्या तोंडाची रुंदी आणि उंची, मिलिमीटरमध्ये. या दोन आकड्यांचा गुणाकार केला की हवेला जायला किती जागा आहे ते कळतं, पत्रा किती लागेल ते कळत नाही. पत्रा तोंडाच्या पोकळीत नसतो, तो तिच्या भोवती असतो. म्हणून आधी चारही बाजूंची बेरीज करायची, म्हणजे परिमिती काढायची, आणि तिला लांबीने गुणायचं. ६०० × ६०० ची परिमिती २.४ मीटर. म्हणजे दर मीटर लांबीला २.४ चौरस मीटर पत्रा.

खरा खर्च मात्र नळीच्या आकारात दडलेला असतो. छताला मोठी तुळई आडवी आली, किंवा फॉल्स सीलिंगच्या वर जेमतेम फूटभर जागा उरली, की कोणीतरी सुचवतं, ‘६०० बाय ६०० नको, १२०० बाय ३०० करा, हवेला जागा तेवढीच.’ हवेची जागा खरंच तेवढीच राहते, ०.३६ चौरस मीटर. परिमिती मात्र २.४ वरून ३ मीटर होते. पत्रा सरळ पंचवीस टक्क्यांनी वाढला.

आणि एवढ्यावर भागत नाही. रुंद पत्रा मधोमध लवतो आणि पंखा सुरू झाला की थरथरतो, म्हणून रुंदी वाढली की जाडीही वाढवावी लागते. आपल्याकडच्या निविदांमध्ये सहसा आयएस ६५५ या मानकातली जाडी धरतात. मोठी बाजू ७५० मिलिमीटरपर्यंत असेल तर ०.६३ मिलिमीटर, म्हणजे बाजारातला २४ गेज. तिथून १५०० पर्यंत ०.८० मिलिमीटर, म्हणजे २२ गेज. त्यापुढे २२५० पर्यंत एक मिलिमीटर. जाडी मोठ्या बाजूवरून ठरते आणि चारही बाजूंना तीच लागते. त्यामुळे ६०० × ६०० च्या एका मीटरला सुमारे १२ किलो पोलाद लागत असेल, तर १२०० × ३०० ला १९ किलो लागतं. नळी आणखी चपटी करून १८०० × २०० केली तर ३१ किलोंच्या वर. हवेची जागा तिन्हींत सारखीच. त्यातून चपट्या नळीत हवा जास्त घासत जाते, म्हणून पंख्यावरचा भारही वाढतो. तुळईखालून जाण्यापुरते दोन-तीन मीटर चपटे केले तर समजू शकतं, पण त्या तुळईपायी अख्खी नळी चपटी करणं मला उधळपट्टी वाटते.

आता एक पूर्ण मोजणी करू. समजा, आपल्या जेवणघरात ६०० × ६०० ची नळी १० मीटर सरळ जाते, मग काटकोनात वळते, पुढे लहान होऊन ६०० × ३०० ची होते, आणखी ८ मीटर जाऊन बंद होते. पहिला सरळ भाग २.४ गुणिले १०, म्हणजे २४ चौरस मीटर. शेवटचा भाग १.८ गुणिले ८, म्हणजे १४.४.

वळणाला, म्हणजे एल्बोला, नळीच्या मध्यरेषेची लांबी धरायची. मध्यरेषेची त्रिज्या ९०० मिलिमीटर असेल तर पाव वर्तुळाची लांबी १.४१ मीटर आणि पत्रा ३.३९ चौरस मीटर. बाहेरची बाजू लांब, आतली आखूड, मग मधली लांबी कशी चालेल, अशी शंका येते. दोन गाल, पाठ आणि आतली बाजू असे चारही तुकडे वेगवेगळे मोजून पाहिले तरी बेरीज तेवढीच येते. बाहेर जेवढं जास्त लागतं, तेवढंच आत वाचतं.

नळी लहान करणाऱ्या तुकड्याला, रिड्यूसरला, दोन्ही तोंडांच्या परिमितीची सरासरी घेतात. तो ६०० मिलिमीटर लांब असेल तर २.१ गुणिले ०.६, म्हणजे १.२६. उतरत्या बाजूचा तिरकेपणा यात धरलेला नाही, त्यामुळे खरा पत्रा १.३० भरतो. एवढ्यासाठी कोणी भांडत नाही. टोकाचं झाकण ०.१८. सगळं मिळून ४३.२३ चौरस मीटर, वजनात सुमारे २१४ किलो.

मोजणी फसते ती वळणापाशी. दोन्ही सरळ भाग कोपऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप लावून मोजले, तर १.४१ मीटरच्या जागी २.४ मीटर धरले जातात आणि एका वळणामागे २.३७ चौरस मीटर जास्त लागतात. त्यावर एल्बो पुन्हा वेगळा मांडला, तर तोच पत्रा दोनदा मोजला गेला. आतून अस्तर असेल तर गोंधळ उलट्या बाजूचा होतो. अस्तर २५ मिलिमीटरचं असेल आणि नकाशातलं माप अस्तराच्या आतलं असेल, तर पत्र्याची नळी ६५० × ६५० ची करावी लागते आणि ठेकेदाराचा आठ टक्के पत्रा हिशेबाबाहेर जातो. माप कुठलं धरायचं, हे करारातच लिहून घ्यावं.

मोजलेला पत्रा आणि विकत आणलेला पत्रा यांतही फरक पडतो. बाजारातला आठ बाय चार फुटी पत्रा २४४० × १२२० मिलिमीटरचा असतो. ६०० × ६०० साठी २४०० गेले की उरलेल्या ४० मिलिमीटरमध्ये एका सांध्याची घडी बसते, आणि १२२० मधून दोन्ही टोकांना दहा-दहा मिलिमीटर फ्लँजवर दुमडले की बरोबर १२०० चा तुकडा मिळतो. हे माप या पत्र्यासाठीच बेतल्यासारखं आहे. ६०० × ३०० ला मात्र घडीसकट १८४० मिलिमीटर पुरतात, आणि प्रत्येक पत्र्यामागे ६०० ची पट्टी उरते. त्या पट्टीतून रिड्यूसर, झाकण, एल्बोची आतली बाजू काढणारा कारागीर मालकाचे पैसे वाचवतो असं नाही, तो ठेकेदाराचे वाचवतो, कारण दर बहुधा तयार डक्टच्या क्षेत्रफळाचा असतो आणि कातरण त्या दरातच धरलेली असते. म्हणून ‘वेस्टेज दहा टक्के’ अशी वेगळी ओळ बिलात दिसली, तर आधी करार काढून वाचावा.

क्षेत्रफळ अचूक असूनही पत्रा पातळ लावलेला असू शकतो, आणि डोळ्यांना ०.६३ आणि ०.५० यांतला फरक कळत नाही. कारागिराकडून ३०० × ३०० चा चौकोनी तुकडा कापून घ्यावा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवावा. २४ गेज असेल तर तो ४४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. ३५० भरला तर तो अर्धा मिलिमीटरचा आहे.