मुखवट्यापुढचा तळवा

जपानच्या नो रंगभूमीवरचं ‘फुना बेन्केई’ हे नाटक कान्झे नोबुमित्सु यानं सुमारे पाचशे वर्षांपूर्वी लिहिलं. त्यातला काळ ११८५ सालचा. थोरल्या भावाशी वितुष्ट आल्यामुळे सेनापती योशित्सुने राजधानी सोडून पळाला आहे आणि दाइमोत्सुच्या किनाऱ्यावरून तो नावेनं निघणार आहे. त्याची प्रेयसी शिझुका ही नर्तकी इथवर सोबत आली आहे. तिला परत पाठवावं, असं त्याचा निष्ठावंत साथीदार बेन्केई सुचवतो आणि योशित्सुने ते मान्य करतो.

प्रियकर-प्रेयसीची ताटातूट म्हटल्यावर प्रेक्षक मिठीची आणि हुंदक्यांची वाट पाहणार. नोबुमित्सुनं ती वाटच बंद केली: योशित्सुनेची भूमिका लहान मुलगा करतो. त्यामुळे शृंगाराला जागा उरत नाही आणि विरहाचा सारा भार शिझुकावर येतो.

तिचा नट लाकडी मुखवटा घालतो. डोळे भरून येणं, ओठ थरथरणं त्याला शक्यच नसतं. तो मुखवटा किंचित खाली झुकवतो. प्रकाशाचा कोन बदलतो आणि चेहऱ्यावर सावली उतरते. मग एक हात सावकाश वर येतो. बोटं जुळलेली, तळवा चेहऱ्याकडे. डोळ्यांच्या थोडं अलीकडे तो थांबतो, क्षणभर तसाच राहतो आणि खाली जातो. रडणं दाखवण्याची ही खूण म्हणजे ‘शिओरी’.

गडबड होते ती या थांबण्यातच. हात घाईनं उतरला तर माशी हाकलल्यासारखं दिसतं. मुखवट्याला लागला तर अश्रूंऐवजी लाकूड जाणवतं. मान जास्त वाकली तर चेहराच दिसेनासा होतो.

निरोपाचं मद्य दिलं जातं आणि बेन्केई शिझुकाला टोपी देऊन नाचायला सांगतो. ती स्वतःचं दुःख गात नाही. राजाची सेवा संपवून छोट्या नावेतून निघून गेलेल्या एका चिनी मंत्र्याची कथा घेते. साथीला बासरी आणि हातानं वाजवायचे दोन ढोलके असतात. दोन थापांमध्ये वादकांचे दीर्घ पुकारे आणि मोकळ्या जागा येतात. नाच संपल्यावर ती टोपीची दोरी सोडते आणि टोपी खाली पडू देते. प्रसंगातली सगळ्यांत मोठी कृती हीच. त्यानंतर ती रंगमंचाला जोडलेल्या लांब पुलावरून संथपणे निघून जाते.

उत्तरार्धात तोच नट समुद्रात बुडून मेलेल्या तोमोमोरीचं भूत होऊन, लांब दांड्याचं शस्त्र परजत येतो. काठ्यांनी वाजवायचा ‘ताइको’ ढोल पूर्वार्धभर गप्प असतो. तो आता वाजू लागतो. नावेला घेरणारं वादळ आणि भुताचा हल्ला यांसाठी लागणारा आवाज निरोपात खर्ची पडलेला नसतो, म्हणून इथला त्याचा दणका प्रेक्षकांना नवा वाटतो.