वास आला नाही म्हणजे चांगलं?

समजा, सकाळी ९ वाजता कापलेलं कलिंगड दुपारी २ पर्यंत ओट्यावरच राहिलं. आपण काय करतो? वास घेतो. ताडीसारखा आंबूस वास आणि बारीक बुडबुडे असतील, तर यीस्टने साखर आंबवायला घेतली आहे. फोड बुळबुळीत आणि वास कुजका असेल, तर जिवाणूंनी गर नासवला आहे. दोन्ही टाकूनच द्यायचं. पण वास आलाच नाही, तर? इथेच आपला तर्क फसतो. कलिंगड-पपईत आम्लता कमी. सालीवरून सुरीबरोबर आत गेलेला साल्मोनेला तिथे वाढतो, आणि वास मात्र बदलत नाही. म्हणून नाकापेक्षा घड्याळ पाहू या: २ तास, पारा ३२ अंशांवर असेल तर १, मग फ्रीज. ५ तास राहिलेली फोड मात्र फ्रीजमध्ये ठेवूनही सुधारत नाही.