रंगांच्या सीमेवरील गुंफण : इंटार्शिया विणकामाचे तंत्र

लोकरीच्या स्वेटरवर एखादा रंगीत चौकोन, शंकरपाळ्याच्या आकाराची नक्षी किंवा पाना-फुलाचा मोठा आकार विणावयाचा असेल तर विणणाऱ्यापुढे दोन मार्ग असतात. पहिल्या मार्गात न वापरलेल्या रंगाचा धागा कापडाच्या मागील बाजूने पुढे नेला जातो. रंग दर दोन-चार टाक्यांनी बदलत असल्यास ही पद्धत सोयीची ठरते. परंतु आकार वीस टाके रुंद असल्यास मागे लांब धागे लोंबू लागतात. स्वेटर घालताना त्यांत बोटे अडकतात, कापड जाड होते आणि धागा ओढला गेल्यास पुढील नक्षी आक्रसते. अशा मोठ्या आकारांसाठी दुसरा मार्ग वापरला जातो, त्यास इंटार्शिया म्हणतात. लाकडात निरनिराळ्या रंगांचे तुकडे जडविण्याच्या इटालियन कलेवरून हे नाव आले आहे.

या पद्धतीत प्रत्येक रंगखंडासाठी स्वतंत्र धागा असतो आणि तो आपल्या खंडाची सीमा ओलांडत नाही. त्यामुळे कापड एकपदरी व हलके राहते. अडचण उद्भवते ती नेमकी सीमेवर. शेजारचे दोन खंड दोन वेगळ्या धाग्यांनी विणले जात असल्याने त्यांना परस्परांशी जोडणारे काहीच नसते. ते मुद्दाम गुंफले नाहीत तर तेथे उभी फट पडते.

विणकर परंपरेतील साम्य

हा प्रश्न विणकरांना नवा नाही. पैठणीच्या पदरावरील मोर वा कमळ विणताना प्रत्येक रंगाचा बाणा स्वतंत्र असतो आणि दोन रंग भेटतात तेथे ते बाणे एकमेकांत अडकविले जातात. काश्मीरच्या कानी शालीत लाकडी काड्यांवर गुंडाळलेले रंगीत धागे याच रीतीने जोडले जातात. याउलट, किलीम जातीच्या अनेक सतरंज्यांत धागे न अडकविता रंगांच्या सीमेवर बारीक फटी तशाच ठेवतात. सतरंजीत त्या खपून जातात. अंगावर ताणल्या जाणाऱ्या स्वेटरमध्ये मात्र फट रुंदावते.

एक उदाहरण

लहान मुलाच्या स्वेटरचा पुढचा भाग ८० टाक्यांचा आहे असे समजू. निळ्या पार्श्वभूमीवर मध्यभागी २० टाके रुंद व २८ ओळी उंच असा लाल चौकोन विणावयाचा आहे. मध्यम जाडीची लोकर व ८ नंबरच्या, म्हणजे ४ मि.मी. जाडीच्या सुया घेतल्यास १० सें.मी. रुंदीत साधारणपणे २२ टाके आणि तितक्याच उंचीत ३० ओळी बसतात. त्या हिशेबाने हा आकार सुमारे ९ सें.मी. रुंद व तितकाच उंच होईल.

चौकोनाच्या प्रत्येक ओळीत ३० निळे, २० लाल आणि पुन्हा ३० निळे टाके येतात. रंग दोनच असले तरी धागे तीन लागतात, कारण चौकोनाच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या खंडांना वेगवेगळा धागा हवा. उजवीकडे मूळ गुंडा चालू राहतो, तर लाल व डावीकडील निळा धागा बॉबिनवर गुंडाळतात. तयार प्लास्टिकची बॉबिन नसल्यास खाच पाडलेला पुठ्ठ्याचा तुकडाही चालतो.

बॉबिनवर किती धागा गुंडाळावा, याचे मोजमाप सोपे आहे. नमुना म्हणून २० टाके विणून उसवावेत व सुटलेला धागा मोजावा. तो ३० सें.मी. भरल्यास २८ ओळींना ८ मीटर ४० सें.मी. धागा लागेल. दोन्ही टोकांसाठी १५ सें.मी. व थोडी अधिक लोकर धरून सुमारे ९ मीटर धागा पुरेसा होतो. बॉबिन सुईपासून फार लांब लोंबू देऊ नये. बोटभर धागा मोकळा ठेवून लागेल तसा सोडावा. ओळ संपल्यावर काम एकदा उजवीकडून व पुढच्या वेळी डावीकडून वळविल्यास धाग्यांचा गुंता कमी होतो.

पीळ कसा द्यावा

सुलट ओळीत ३० निळे टाके विणून झाल्यावर निळा धागा डावीकडे, लाल धाग्यावरून आडवा टाकून सोडावा. मग निळ्याच्या खालून लाल धागा वर उचलावा व त्याने पुढील टाका विणावा. निळा धागा आता लालच्या विळख्यात अडकलेला असतो. उलट ओळीतही नियम तोच : जुना धागा वर, नवा धागा त्याच्या खालून. पीळ नेहमी कापडाच्या मागील बाजूसच पडला पाहिजे. तेथे सीमेलगत पिळांची सरळ उभी रांग दिसू लागते आणि पुढील बाजूस रंगांची रेषा स्वच्छ राहते.

सीमा उभी असेल तर प्रत्येक ओळीत पीळ आवश्यक असतो. तिरकस सीमेवर एका रंगाचा टाका अनेकदा खालच्या ओळीतील दुसऱ्या रंगाच्या टाक्यातून निघतो. त्यामुळे तेथे काही जोड आपोआप मिळतो आणि उभ्या सीमेइतका धोका नसतो.

दोष आणि त्यांची ओळख

पीळ राहून गेल्याचे सुईवर असताना सहसा कळत नाही. म्हणून चार-सहा ओळी झाल्या की सीमेच्या दोन्ही बाजूंस अंगठे ठेवून कापड हलकेच ताणावे व उजेडासमोर धरावे. एका ठिकाणी उजेड दिसल्यास मागून त्याच रंगाच्या धाग्याने टाचता येते. सलग अनेक ओळींत फट असल्यास उसवून पुन्हा विणण्यावाचून इलाज नाही. दुसरा दोष ताणाचा आहे. पीळ सैल राहिल्यास सीमेवरचे टाके मोठे दिसतात, तर फार आवळल्यास कापडाला चुण्या पडतात. नव्या रंगाचा दुसरा टाका विणून झाल्यावर धागा किंचित ओढून घेतल्यास ताण सारखा राहतो.

अठ्ठाविसावी ओळ उलट असल्याने ती उजवीकडील मूळ गुंड्यावर संपते. पुढील ओळीपासून तोच निळा धागा सर्व ८० टाके विणतो व इतर दोन धागे तोडले जातात. मागे चार टोके उरतात : दोन लाल, दोन निळी. चौकोनाच्या कोपऱ्यांवर पीळ अपुरा असल्याने तेथे बारीक छिद्र राहते. प्रत्येक टोक त्या छिद्रावरून ओढून आपल्याच रंगाच्या टाक्यांत ५ सें.मी. ओवल्यास ते बुजते.

तंत्राची मर्यादा

इंटार्शिया सपाट, मागेपुढे जाणाऱ्या ओळींतच सहज साधते. गोलाकार विणताना लाल खंड संपला की त्याचा धागा खंडाच्या डाव्या कडेला राहतो, आणि पुढील फेरीत तो हवा असतो उजव्या कडेला. म्हणून अशी नक्षी असलेली टोपी वा मोजे सपाट विणून नंतर शिवतात. विणणाऱ्याने कामाचा मोबदला ठरविताना ही शिलाई, तसेच प्रत्येक खंडामागे ओवावी लागणारी दोन टोके यांचा वेळही हिशेबात धरणे आवश्यक असते. दहा खंडांच्या नक्षीत अशी सुमारे वीस टोके असतात, आणि पुढून पाहणाऱ्या ग्राहकाला त्यांतले एकही दिसत नाही.